चार चटण्या आणि पहिली ऑर्डर

मुंबईत ‘उमेद’तर्फे भरणारं महालक्ष्मी सरस प्रदर्शन असो की तालुक्याच्या गावी बचत गटांनी मांडलेली चार टेबलं, सोलापुरी शेंगदाणा चटणी तिथे हमखास खपते. गिऱ्हाईक समोर उभं असतं, बाई चमचाभर चटणी त्याच्या तळहातावर ठेवते, ‘उखळात कुटलीय, मिक्सरची नाही’ असं सांगते आणि पिशवी बांधली जाते. तीच चटणी किराणा दुकानाच्या फळीवर गेली की चव द्यायला कुणी नसतं, सांगायलाही कुणी नसतं. पाकीट एकटं उभं असतं, आणि शेजारी नावाजलेल्या कंपन्यांची दहा पाकिटं असतात. प्रदर्शनात हातोहात खपलेला माल दुकानात धूळ खात पडतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

म्हणून दुकानदाराकडे नवा माल नेताना तीन गोष्टी नीट जमाव्या लागतात: त्याला लिहिलेलं पत्र, त्याच्याकडे पाठवलेला नमुना आणि पहिल्या ऑर्डरची सवलत. या तिन्ही कशा करायच्या ते एका उदाहरणातून पाहू. समजा, सोलापूरजवळच्या एका घरगुती उद्योगाने चार कोरड्या चटण्या बाजारात आणायचं ठरवलं आहे. शेंगदाणा, जवस, कारळं आणि लसूण-खोबरं. पाकीट १०० ग्रॅमचं, आणि गिऱ्हाइकं पुणे, पिंपरी-चिंचवड भागातली मध्यम किराणा दुकानं. खालचे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण हिशेबाची रीत कुठल्याही छोट्या उत्पादकाला लागू पडेल.

सुरुवात किमतीपासून करायला हवी, कारण दुकानदार पत्रातली पहिली नजर तिथेच टाकतो. चारही चटण्यांची एमआरपी एकच, ७० रुपये, ठेवलेली बरी. कारळ्याला थोडा जास्त खर्च येतो, शेंगदाण्याला थोडा कमी, पण चार वेगळे भाव लक्षात ठेवायला नव्या मालाच्या बाबतीत कुणाला वेळ नसतो. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून गिऱ्हाइकाने द्यायची जास्तीत जास्त किंमत, हे सर्वांना ठाऊक आहे. गोंधळ होतो तो ‘मार्जिन’वर. उत्पादक म्हणतो, ‘तुम्हाला २५ टक्के देतो.’ दुकानदार विचारतो, ‘कशावर?’ एमआरपीवर २५ टक्के म्हणजे पाकीट त्याला ५२ रुपये ५० पैशांना पडतं आणि सुटतात साडेसतरा रुपये. खरेदीवर २५ टक्के म्हणजे पाकीट ५६ रुपयांना पडतं आणि सुटतात १४. एका पाकिटामागे साडेतीन रुपयांचा फरक पडला. पत्रात टक्के लिहिले आणि बिलात दुसरा भाव आला तर त्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणं अवघड होतं. त्यामुळे टक्के लिहूच नयेत. ‘आपला भाव ५२.५०, एमआरपी ७०, दोन्ही करांसह’ एवढं लिहिलं की प्रश्न मिटतो.

भाव ठरवताना आणखी एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून ठेवावी लागते. आज माल थेट दुकानात जातो आहे, पण वर्षभराने वितरक नेमायचा झाला तर त्याचं कमिशन कुठून निघणार? दुकानदाराचा भाव एकदा जाहीर झाला की तो वाढवता येत नाही. एमआरपी वाढवली तर गिऱ्हाईक कुरकुरतं. म्हणजे वितरकाची जागा आजच्याच भावात हवी. ती नसेल तर व्यवसाय आपल्या गाडीच्या पल्ल्याबाहेर जात नाही. अनेक चांगले घरगुती उद्योग इथेच थांबलेले दिसतात.

आता नमुना. इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

नमुना कुठल्या घाण्यातला द्यायचा? उत्पादकाला वाटतं, दुकानदारावर छाप पडली पाहिजे. मग नमुन्यासाठी वेगळी चटणी होते: खोबरं जास्त, शेंगदाणा निवडून घेतलेला, उखळात हाताने कुटलेली. ऑर्डर आली की पन्नास किलो हाताने कुटणं शक्य नसतं, आणि माल पल्व्हरायझरमधून निघतो. सोलापुरी चटणीची ओळखच अशी की कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि तिखट-मीठ त्यात मुरतं. चिमटीत धरून दाबली तर ती गोळा होते आणि बोटांवर तेलाची चकाकी राहते. पल्व्हरायझरमध्ये भरभर दळलेली चटणी भुकटीसारखी सुटी पडते. दुकानदाराला याची तांत्रिक कारणं माहीत नसतील, पण नमुना आणि माल एक नाही हे त्याच्या गिऱ्हाइकाला पहिल्या घासात कळतं. तेव्हा नियम साधा आहे. जी चटणी पाठवायची आहे, तिचाच एक घाणा काढायचा, त्याला बॅच नंबर द्यायचा आणि त्यातूनच नमुन्याची पाकिटं भरायची. तेल सुटायला हवं तर यंत्र हळू फिरणारं, कुटणारं घ्या. ते परवडत नसेल तर नमुनाही दळलेल्या चटणीचाच पाठवा आणि पाकिटावर ‘कुटलेली’ असं लिहू नका.

दुसरा प्रश्न खवटपणाचा. शेंगदाणा, जवस, कारळं, सुकं खोबरं ही चारही तेलाची धान्यं आणि फळं. हवा, ऊन आणि ओल यांच्या संगतीने त्यातलं तेल हळूहळू बिघडतं. जवसाचं तेल तर फार लवकर बिघडणारं म्हणून प्रसिद्ध आहे, आणि किसलेल्या खोबऱ्यालाही वास लवकर लागतो. पाकिटावर चार महिन्यांची मुदत छापायची असेल तर ती आधी स्वतः तपासून पाहिलेली हवी. त्यासाठी प्रत्येक बॅचची काही पाकिटं बाजूला काढायची. निम्मी कपाटात, निम्मी दुकानात असतात तशी उजेडाच्या फळीवर ठेवायची आणि दर पंधरा दिवसांनी दोन्हींतलं एकेक फोडायचं. नाक लावून वास घ्यायचा, चिमूटभर जिभेवर ठेवायची. घशाशी किंचित कडवट, जुन्या तेलासारखी चव आली की त्या चटणीची मुदत तिथेच संपली असं समजायचं. फळीवरचं पाकीट कपाटातल्या पाकिटाच्या आधी जाईल, आणि आपल्याला लागतो तो फळीचाच आकडा. चारही चटण्यांना एकच मुदत द्यायची तर जी सगळ्यांत आधी जाते तिची द्यावी लागते. मुदतीबाबत शंका असेल तर अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून चाचणी करून घेता येते. नव्या मालाच्या खर्चात तो खर्च आधीच धरलेला बरा.

तिसरा प्रश्न पाकिटाच्या सीलचा. चटणी भरताना तिचे कण पिशवीच्या तोंडाला चिकटतात. त्यावर सीलिंग मशीन दाबलं तर पट्टी वरून सरळ दिसते, पण कणांच्या जागी बारीक वाट राहते. तिथून हवा आत जाते आणि तेल बाहेर येतं. कुरिअरच्या पोत्यात चार खोक्यांखाली दबलेलं पाकीट मग कोपऱ्याशी तेलकट होतं, आणि दुकानदाराच्या हातात पहिल्यांदा पडतं ते डाग पडलेलं पाकीट. तपासायची रीत सोपी आहे. सील केलेलं पाकीट परातभर पाण्यात बुडवून दोन्ही हातांनी दाबायचं. बुडबुडे आले की सील फुटकं. उपायही सोपा आहे: लांब नळीचं नरसाळं वापरायचं, तोंड कोरड्या फडक्याने पुसायचं आणि मगच सील करायचं.

नमुन्याचं पाकीट २० ग्रॅमचं पुरे. दुकानदार, त्याचा मुलगा, दुकानातला माणूस आणि घरी जेवताना दोघं, एवढ्यांची चव त्यात होते. मोठं पाकीट दिलं तर ते घरी जातं आणि दुकानात त्याची चर्चाच होत नाही. या छोट्या पाकिटावरही लेबल पूर्ण हवं. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता, पॅकिंगची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, बॅच नंबर, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ‘यात शेंगदाणा आहे’ ही सूचना नियमाने द्यावी लागते. आणि त्याच यंत्रात चारही चटण्या होत असतील तर जवसाच्या पाकिटावरही ‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ असं लिहिणं हा गिऱ्हाइकाशी प्रामाणिकपणा आहे. नमुन्यावर ‘विक्रीसाठी नाही’ हेही स्पष्ट छापावं. चाणाक्ष दुकानदार नमुना चाखायच्या आधी तो उलटा करून मागची बाजू वाचतो, कारण अन्ननिरीक्षक आला तर विचारणा आधी त्याच्याकडे होते.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फुकट वाटलेल्या नमुन्यांवर कर भरावा लागत नाही, पण त्यासाठी लागलेल्या कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. नमुन्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवली की हिशेबनीसाचं काम सोपं होतं.

ती वही आणखी एका कारणासाठी लागते. नमुन्याचा खर्च मांडून पाहा. चार छोटी पाकिटं, पुठ्ठ्याचं खोकं, पत्र आणि कुरिअर मिळून एका दुकानामागे १२० रुपये धरू. यादीतल्या ४० दुकानांना सरसकट नमुने पाठवले तर ४,८०० रुपये गेले. त्यातून दहा ऑर्डरी आल्या तर एकेका ऑर्डरला ४८० रुपये पडले. आता पहिल्या ऑर्डरचा हिशेब करू. चोवीस पाकिटांचं खोकं, प्रत्येक चटणीची सहा पाकिटं. दुकानदार देणार १,२६० रुपये. आपल्याला एक पाकीट माल, पिशवी आणि मजुरीसह ३६ रुपयांना पडतं असं धरलं तर खोक्याचे ८६४ झाले. पोचवायचे १०० रुपये. कर बाजूला ठेवला तरी हातात उरतात २९६. म्हणजे नमुन्यावरचा खर्चच पहिल्या ऑर्डरच्या नफ्याहून जास्त झाला. पहिल्या ऑर्डरवर कमाई होत नाही, ती दुसऱ्या ऑर्डरपासून सुरू होते. हे एकदा मान्य केलं की पुढचे निर्णय वेगळे होतात.

पहिला बदल हा की नमुना सरसकट पाठवायचा नाही. आधी फोन करायचा. ‘आम्ही सोलापूरहून चार चटण्या सुरू करतोय, नमुना पाठवला तर चाखून पाहाल का?’ एवढाच प्रश्न विचारायचा. चाळीसपैकी वीस जण ‘पाठवा’ म्हणाले आणि त्यातल्या आठ जणांनी ऑर्डर दिली, तर खर्च २,४०० वर येतो आणि एका ऑर्डरला ३०० रुपये पडतात. शिवाय ज्याने स्वतः ‘पाठवा’ म्हटलं आहे तो खोकं आल्यावर बाजूला टाकत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. पगारदार वस्तीतली घरं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराणा भरतात. १ ते १० तारखेपर्यंत दुकानात मान वर करायला फुरसत नसते, त्या दिवसांत आलेला नमुना गल्ल्याखाली जातो. दहा तारखेनंतर गर्दी ओसरते. नमुना १५ ते २० च्या दरम्यान पोचला, चार दिवसांत फोन झाला आणि २५ पर्यंत ऑर्डर आली, तर माल महिनाअखेरीस फळीवर लागतो आणि पुढच्या महिन्याच्या किराण्यात तो गिऱ्हाइकाच्या नजरेला पडतो. कुरिअर सोमवारी टाकावं, म्हणजे शनिवार-रविवारी खोकं कुठल्या गोदामात तापत पडत नाही. महिना निवडतानाही विचार हवा. लसूण-खोबऱ्याची चटणी चातुर्मासाच्या तोंडावर आणली तर ज्या घरांत कांदा-लसूण बंद असतो, तिथे ती हलणार नाही, आणि दुकानदाराला वाटेल मालच चालत नाही. दिवाळी झाल्यावर, थंडी पडू लागली की बाजरीच्या भाकरीबरोबर चटणीची आठवण घरोघरी येते, आणि गारव्यात तेलही उशिरा बिघडतं. या मालासाठी नोव्हेंबरचा मध्य सर्वांत योग्य.

आता सवलत. बाजारात रुळलेली पद्धत फुकट मालाची. आपल्या उदाहरणात ती अशी होईल: चोवीस पाकिटं घ्या, पैसे वीसचे द्या. दुकानदार १,०५० रुपये देतो, आपले २१० रुपये सुटतात आणि हातात ८६ उरतात. विक्रेत्याला हे सांगायला सोपं जातं, दुकानदारालाही ऐकायला बरं वाटतं. तरीही पहिल्या ऑर्डरसाठी ही सवलत मला चुकीची वाटते.

दुकानदाराच्या बाजूने विचार करू. नवा माल घेताना त्याला भीती कमी नफ्याची नसते, माल अंगावर पडण्याची असते. साडेसतरा रुपयांच्या जागी सव्वीस सुटले तरी न खपलेल्या पाकिटाचे सुटतात शून्य. चार पाकिटं फुकट देऊन ती भीती जात नाही. उलट, जास्त सवलतीच्या मोहाने एखादा दुकानदार दोनऐवजी चार खोकी उचलतो, माल तीन महिने पडून राहतो आणि शेवटची पाकिटं गिऱ्हाइकाकडे जातात तेव्हा मुदत संपत आलेली असते. नव्या चटणीशी लोकांची पहिली ओळख अशा जुन्या पाकिटातून व्हावी, याहून वाईट सुरुवात नाही. कधी कधी फुकटातला माल शेजारच्या दुकानात कमी भावाने उतरवला जातो, मग तिथला दुकानदार तुमच्याकडे तोच भाव मागतो.

याउलट आपण असं म्हटलं तर: भाव ५२.५० च, फुकट काही नाही, पण ४५ दिवसांत जी पाकिटं खपणार नाहीत ती परत घेऊ आणि त्यांचे पैसे पुढच्या बिलात वजा करू. याचा हिशेब फार सुंदर निघतो. चार पाकिटं परत आली तर आपले जातात चार वेळा ५२.५०, म्हणजे २१० रुपये. बरोबर तेवढेच, जेवढे फुकट योजनेत जात होते. फरक इतकाच की फुकट योजनेत ते प्रत्येक दुकानामागे जातात, माल खपला तरी आणि नाही खपला तरी. परतीच्या योजनेत ते फक्त तिथेच जातात जिथे माल खपला नाही. शिवाय परत आलेलं पाकीट काही सांगतं. आठ दुकानांतून शेंगदाण्याचं एकही पाकीट परत आलं नाही आणि कारळ्याची निम्मी आली, तर पुढच्या खोक्यात काय भरायचं हे कळलं. फुकट वाटलेली पाकिटं असं काहीच सांगत नाहीत.

या योजनेलाही मर्यादा घालाव्या लागतात, नाहीतर ती महागात पडते. सहा पाकिटं परत आली तर ३१५ रुपये जातात आणि खोक्यावर १९ रुपयांचा तोटा होतो. चोवीसच्या चोवीस परत आली तर सगळाच खर्च अंगावर. म्हणून परतीची सोय फक्त पहिल्या एका खोक्यापुरती ठेवायची. फोडलेलं, भिजलेलं, उंदराने कुरतडलेलं पाकीट परत घेतलं जाणार नाही हे आधीच सांगायचं. परतीचा माल वेगळ्या कुरिअरने मागवायचा नाही, पुढचा माल द्यायला जाऊ तेव्हा उचलायचा. आणि परत आलेलं पाकीट, मुदत शिल्लक असली तरी, दुसऱ्या दुकानात फिरवायचं नाही. दीड महिना ते कुठल्या उन्हात होतं हे आपल्याला माहीत नसतं. फोडून वास घ्यायचा, नोंद करायची आणि टाकून द्यायचं.

परतीची सोय आणि उधारी या दोन्ही गोष्टी एकदम देऊ नयेत. तसं केलं की व्यवहार ‘विकलं तर पैसे’ असा होतो, आणि दुकानदाराला पाकीट पुढच्या फळीवर ठेवायचं काही कारण उरत नाही. ज्याने पैसे मोजले तो माल नजरेसमोर ठेवतो. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो, आणि उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाला उशिराच्या पैशांवर व्याजही मागता येतं. पण साडेबाराशे रुपयांसाठी कुणी तक्रार करायला जात नाही. पहिलं बिल माल हातात पडताच यूपीआयने घ्यावं, हेच सोयीचं.

एवढं ठरलं की पत्र लिहायला फार वेळ लागत नाही. ते एका पानात बसलं पाहिजे, आणि दुकानदाराच्या मनातले प्रश्न त्याच क्रमाने त्यात आले पाहिजेत: काय आहे, कितीला पडतं, नमुना कधी येतो, नाही खपलं तर काय, पैसे कधी द्यायचे. ‘पारंपरिक चवीचा अनोखा खजिना’ असल्या ओळींना त्यात जागा नाही. आपल्या उदाहरणातलं पत्र असं होईल:

*दि. १३ नोव्हेंबर*

*श्री. ……… शेठ यांस,*
*स. न. वि. वि.*

*फोनवर बोलणं झाल्याप्रमाणे आमच्या चार नव्या कोरड्या चटण्यांची माहिती पाठवत आहोत. शेंगदाणा, जवस, कारळं आणि लसूण-खोबरं. १०० ग्रॅमचं पाकीट, पॅकिंगपासून चार महिने टिकतं. रंग किंवा टिकवण्याचं रसायन घातलेलं नाही.*

*चारही चटण्यांची एमआरपी ७० रुपये. आपला भाव ५२.५० रुपये. दोन्ही करांसह.*

*चारही चटण्यांचे २० ग्रॅमचे नमुने सोमवार, १६ नोव्हेंबरला कुरिअरने पाठवत आहोत. कुरिअरचा नंबर त्याच दिवशी आपल्या व्हॉट्सॲपवर येईल. गुरुवारपर्यंत खोकं मिळालं नाही किंवा पाकीट फुटलेलं आलं तर कळवा, दुसरं पाठवू. ज्या बॅचचे नमुने आहेत त्याच पद्धतीने केलेला माल आपल्याला येईल.*

*पहिली ऑर्डर: एक खोकं, २४ पाकिटं, प्रत्येकी सहा. एकूण १,२६० रुपये, पोच आमच्याकडून. माल मिळाल्यापासून ४५ दिवसांत जी पाकिटं खपणार नाहीत ती, न फोडलेली व कोरडी असल्यास, परत घेऊ आणि रक्कम पुढच्या बिलातून वजा करू. पुढची ऑर्डर द्यायची नसेल तर रक्कम यूपीआयने परत करू. ही सोय १० डिसेंबरपर्यंत दिलेल्या पहिल्या एका खोक्यासाठी आहे. पैसे माल मिळाल्यावर.*

*२५ नोव्हेंबरपर्यंत ऑर्डर दिलीत तर माल महिनाअखेरीच्या आत पोचेल. आम्ही शनिवारी, २१ तारखेला दुपारी चारच्या सुमारास फोन करू.*

*कळावे,*
*(नाव, पत्ता, फोन, अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक)*

या पत्रात दोन वाक्यं मुद्दाम घातली आहेत. ‘पुढची ऑर्डर द्यायची नसेल तर रक्कम परत करू’ हे वाक्य अनेक उत्पादकांना लिहायला जड जातं. पण ते नसेल तर परतीची हमी फसवी ठरते, कारण पैसे परत मिळवायला दुकानदाराला पुन्हा माल घ्यावा लागतो. त्याच्या ते लगेच लक्षात येतं. दुसरं वाक्य फोनच्या वेळेचं. सकाळी दूध-पावाची आणि संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांची गर्दी असते, चारच्या सुमारास बोलायला थोडी सवड असते. वेळ सांगितली आणि त्या वेळी फोन केला नाही, तर माल वेळेवर येईल यावरही दुकानदार विश्वास ठेवत नाही.

फोनवर ‘आवडली का?’ असं विचारू नये. कुणीही ‘चांगली आहे’ म्हणतं आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. ‘चारपैकी कुठली आधी संपली?’ असं विचारावं. उत्तर नेमकं येतं. ‘लसणाची घरी नेली, जवसाची तशीच आहे’ असं कळलं तर खोक्यात प्रत्येकी सहाऐवजी लसणाची आठ आणि जवसाची चार घालून देता येतात. ऑर्डर द्यायची तयारी नसलेला दुकानदारही अशा प्रश्नाचं उत्तर देतो, आणि ते वहीत लिहून ठेवण्यासारखं असतं. दुकानाचं नाव, नमुना कधी निघाला, कुठल्या बॅचचा, कधी पोचला, फोन कधी झाला, काय म्हणाले. प्रत्येक दुकानासाठी वहीत एक ओळ पुरते.

माल पोचल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एकदा दुकानात जाऊन यावं. पाकिटं कुठल्या फळीवर आहेत, ऊन येतं का, किती उरली आहेत हे डोळ्यांनी पाहावं. गल्ल्याजवळ टांगायला पट्टी दिली तर चटणीसारखी छोटी पाकिटं बरी खपतात, कारण ती यादीत लिहून घेण्याची वस्तू नाही, दिसली की उचलली जाणारी आहे.

यशाचं माप पहिल्या ऑर्डरींच्या संख्येत धरू नये. आठ दुकानांपैकी किती जणांनी ४५ दिवसांच्या आत आपणहून दुसरं खोकं मागवलं, तेवढंच मोजावं. पाच-सहा जणांनी मागवलं तर वितरकाशी बोलायला हरकत नाही. एक-दोघांनीच मागवलं तर सवलत वाढवून उपयोग होणार नाही. परत आलेली पाकिटं फोडून चव, मुदत किंवा किंमत यांपैकी कुठे अडलं ते शोधावं लागेल, आणि तोवर नव्या दुकानांना नमुने पाठवणं थांबवावं.

दिवाळीनंतर आपला माल दुकानांत न्यायचा विचार करणाऱ्या बचत गटांना आणि घरगुती उद्योगांना एकच विनंती आहे. जुलैच्या सुरुवातीलाच एक घाणा काढा, पाकिटं फळीवर ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी एक फोडून पाहा. नोव्हेंबरच्या पत्रात मुदतीचा जो आकडा लिहायचा आहे, तो त्याशिवाय लिहिता येणार नाही.